बाटलीच्या तोंडावरचे गाळणे

शालन मगदूम विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा तिचा धाकटा भाऊ जिनपाल पाटीवर अक्षरे गिरवीत होता. पुढच्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून निपाणीच्या तंबाखू वखारींमागच्या त्या घरात जिनपालचे जेवणखाण, शाळा, आजार आणि पुढे लग्न, सगळे शालननेच पाहिले. स्वतःच्या आयुष्याकडून तिने फारसे काही मागितले नाही. भाऊ धडधाकट असावा, घरात जैन धर्माचे आचरण नीट चालावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

त्या आचरणात पाणी गाळण्याला पहिले स्थान होते. सकाळी विहिरीवरून आणलेले पाणी ती जाड दुहेरी फडक्यातून हंड्यात ओती. मग फडके उलटे करून त्यावर गाळलेले पाणी सोडी आणि ते पाणी भांड्यात धरून पुन्हा विहिरीत अलगद उतरवी. फडक्यावर अडकलेले सूक्ष्म जीव जिथले तिथे परत गेले पाहिजेत, हा तिचा नेम होता. शेजारणी हसत. शालन म्हणे, "हसा की. तुमच्या हसण्यानं एक तरी जीव वाचतोय व्हय?"

जिनपाल वडिलांच्या वखारीत बसू लागला आणि तिशीच्या आत त्याला दम्याने गाठले. उन्हाळ्यात जर्दा चाळायला घेतला की त्याची छाती शिट्टी वाजवल्यासारखी वाजे. गोळ्या झाल्या, काढे झाले. चौऱ्याऐंशी साली तो गावातल्या डॉक्टर कृष्णात कांबळे यांच्याकडे जाऊ लागला. डॉक्टर कंग्राळीकडच्या एका शेतमजुराचे चिरंजीव. घराण्याने बुद्धधम्म स्वीकारला त्या वर्षी ते पाळण्यात होते. बेळगावात शिकून ते डॉक्टर झाले आणि निपाणीत येऊन त्यांनी दवाखाना घातला. वखारवाल्यांच्या घरांतून त्यांना मान होता, पण चहा बाहेरच्या खोलीतच येत असे, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक असूनही त्यावर कधी बोलणे होत नसे.

डॉक्टरांनी जिनपालला डबीतून तोंडात फवारायचे औषध दिले. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, दुसरे दम लागल्यावर. पहिल्याच खेपेला त्यांनी त्याला समोर घ्यायला लावले आणि कपाळाला हात लावला. जिनपाल डबी दाबी एका क्षणी आणि श्वास ओढी दुसऱ्या क्षणी. पांढरा फवारा ओठांतून, नाकातून बाहेर येई.

"अहो, हे सगळं घशावर आदळतंय आणि पोटात जातंय," डॉक्टर म्हणाले. "छातीत काय पोचणार? काळजी करू नका. याला एक वाट काढतो."

पुढच्या भेटीत त्यांनी स्वतः तयार केलेली वस्तू टेबलावर ठेवली. शाळकरी मुलांची पाण्याची नवी प्लॅस्टिकची बाटली. तिच्या बुडाला तापवलेल्या पात्याने नेमके भोक पाडलेले, फवाऱ्याच्या डबीचे तोंड त्यात घट्ट बसेल असे, आणि कडेने चिकटपट्टी लावलेली.

"डबी आधी चांगली हलवायची. इकडून बसवायची. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग बाटलीच्या तोंडावर ओठ गच्च मिटायचे. एकदाच दाबायचं आणि लगेच सावकाश, खोल ओढायचं. वेळ दवडला तर औषध बाटलीलाच चिकटून बसतं. ओढल्यावर श्वास रोखून धरायचा. दुसरा फवारा हवा असेल तर थोडं थांबून, पुन्हा हलवून. दोन-तीन एकदम मारायचे नाहीत. आणि बाटली साबणाच्या पाण्यात धुऊन तशीच वाळू द्यायची, पुसायची नाही."

जिनपालने तसे केले. थोड्या वेळाने डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि हसले. शिट्टी उतरली होती. शालन बाजूला उभी होती. घरी येताना ती रस्ताभर डॉक्टरांना आशीर्वाद देत होती.

घरी आल्यावर तिने ती बाटली कोनाड्यात ठेवली आणि तिच्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली. भिंतीपलीकडे वखार. तंबाखूची धूळ कौलांतून झिरपे. संध्याकाळी चिलटे घोंगावत. या तोंडातून भाऊ जीव खाऊन श्वास ओढणार. आत काय काय जाईल? धूळ त्याच्या छातीला बाधणार आणि आत गेलेल्या चिलटाचे पाप वेगळेच. तिने जुन्या धोतराचे मऊ फडके घेतले, दुहेरी घडी केली आणि बाटलीच्या तोंडावर दोऱ्याने आवळून बांधले.

जिनपाल हसला. "आक्का, विहिरीचं गाळतीस ते गाळतीस, आता वाऱ्यालाबी गाळणं?"

"गप ऱ्हा. धूळ गिळून डॉक्टरकडं पळायची हौस हाय का तुला?"

"अगं, पर ओढायला जड जातंय जरा."

"जरा जड गेलं तर काय झालं? तुझी छाती काय काचेची हाय?" असे म्हणताना तिचे डोळे भरून आले. तिच्या नवऱ्याच्या छातीतही असेच काहीतरी होते, आणि कुणाला ते वेळेवर कळले नव्हते. जिनपालने ते डोळे पाहिले आणि फडक्याला तोंड लावले. त्याची बायको चंदना चुलीपाशी होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

त्यानंतर जे घडत गेले ते कोणालाच उलगडेना. घरी जिनपाल नेमाने औषध घेई आणि दिवसेंदिवस खंगत जाई. डबी लवकर संपे. दवाखान्यात मात्र डॉक्टरांसमोर तेच औषध, त्याच बाटलीतून घेतले की थोड्याच वेळात तो मोकळा होई. कारण दवाखान्याच्या वाटेवर शालन फडके सोडून पदरात बांधी. एकदा चंदनाने विचारले, "आक्का, ते का सोडताय?"

"डॉक्टरांच्या हातची वस्तू हाय ती," शालन म्हणाली. "वर फडकं बघून त्यांस्नी काय वाटंल? आमी विटाळ मानतो, आसं वाटायचं. एवढ्या भल्या माणसाचं मन कशाला दुखवायचं?"

डॉक्टर दर खेपेला विचारीत, "घरीही असंच घेता ना?"

जिनपाल बहिणीकडे पाही आणि म्हणे, "व्हय, असंच."

पद्धत डोळ्यांसमोर बरोबर दिसत होती, म्हणून डॉक्टरांनी दोष धुळीला दिला. रोजच्या औषधाचे माप वाढवले. वखार सोडायला सांगितले. जिनपाल चाळणीपासून दूर, पुढच्या खोलीत बसू लागला. तरी शिट्टी थांबेना. एकदा डॉक्टर बाटली हातात घेऊन तिचे तोंड उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी ती खाली ठेवली. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा कमी बोलले, एवढेच शालनच्या ध्यानात राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी जिनपाल वखारीतून भिंतीला धरत घरी आला. त्याला वाक्य पुरे करता येत नव्हते. शालनने बाटली त्याच्या तोंडाशी धरली, चंदनाने डबी दाबली. दाबली, पुन्हा दाबली, घाबरून एकामागून एक दाबत राहिली. फडके त्याच्या श्वासाने आणि औषधाने ओले झाले. डॉक्टर एका खेड्यात बाळंतपणाला गेले होते. ते स्कूटरवरून आले तेव्हा जिनपालचे ओठ निळे पडले होते.

डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिले. फडके हिसडून काढले, औषध दिले, शिरेत इंजेक्शन दिले, वखारीची जीप काढायला लावली. कोल्हापूरच्या वाटेवर, कागलच्या अलीकडे जिनपाल गेला. त्याचे डोके शालनच्या मांडीवर होते.

सुतक फिटल्यावर शालन एकटी दवाखान्यात गेली. तिने बाटली आणि फडके टेबलावर ठेवले.

"डॉक्टर, खरं सांगा. ह्याच्यानं झालं का?"

डॉक्टरांनी दार लोटले आणि तिला बसायला सांगितले. "औषध वाफेसारखं दिसतं, पण वाफ नसतं ते. अगदी बारीक कण असतात. फडक्यातून हवा पार होते, कण धाग्यांवर आदळून तिथंच राहतात."

"पाण्यातले जीव ऱ्हात्यात तसं."

डॉक्टरांनी फडके बाजूला सारून बाटली हातात घेतली.

"थोडं तरी आत जात आसंल?"

"थोडं. पुरेल एवढं नाही."

"फडकं नसतं तर वाचला असता?"

"ते मी सांगू शकत नाही, शालनताई. कधी कधी सगळं बरोबर करूनही हा आजार माणूस नेतो. पण रोजचं औषध पोचलं असतं तर गोष्ट इतक्या थराला गेली नसती, असं मला वाटतं."

शालनने मान हलवली. तिला खोटा धीर नको होता आणि तो त्यांनी दिला नाही. मग ती म्हणाली, "तुमच्यासमोर आणताना मी सोडून ठेवत होते. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून."

डॉक्टरांचा हात बाटलीवरच होता. तोंडाखाली आवळलेल्या दोऱ्याचा वळ अजून स्पष्ट होता.

"हा वळ मी पाहिला होता," ते म्हणाले. "मागच्या हिवाळ्यात. काहीतरी बांधत असणार, हे तेव्हाच कळलं होतं."

"मग इचारलं न्हाय?"

"लहानपणापासून अशी फडकी पाहत आलोय. आमच्या हातातून घेतलेल्या वस्तूवर काय काय करतात, ते. वाटलं, तेच असेल. विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता आणि मला ते ऐकावं लागलं असतं." त्यांनी बाटली टेबलावर उभी केली. "मी डॉक्टर होतो. विचारायला हवं होतं."

"तसलं न्हवतं हो, डॉक्टर."

"आता कळलं."

शालन उठली. बाहेर ऊन होते. रस्त्याने चालताना तिने स्वतःला विचारले: खरोखर तसले काहीच नव्हते? बाटली घरी आणली त्या दिवशी तिने ती पुन्हा पुन्हा घासली होती. बाजारातून आणलेली दुसरी कोणती वस्तू ती इतकी घासत असे? धूळ खरी होती, चिलटे खरी होती, तिची माया खरी होती. त्यांच्या आड आणखी काही असेल तर ते इतके जुने होते की त्याला तिने कधी नावच दिले नव्हते. आणि डॉक्टरांना ते नाव न सांगताच ठाऊक होते.

चंदना ओसरीवर धान्य निवडत बसली होती. शालनने तिला डॉक्टर जे बोलले ते सारे सांगितले, एक शब्द न लपवता. चंदनाचे हात सुपात थांबले.

"मला वाटत हुतं," ती म्हणाली. "फडकं धुताना कडू वास यायचा. औषध ह्यातच बसतंय का काय, आसं मनात यायचं. त्यांना म्हणलं एकदा, आक्का नसताना काढून घ्या. ते म्हणाले, आक्काला कळलं तर जीवाला लावून घेईल. तिचं मन मोडू नगंस."

शालन खांबाला टेकून खाली बसली. वखारीत चाळण्या चालू होत्या. त्यांचा एकसारखा आवाज भिंतीतून येत होता.

"मला सांगायचं हुतंस गं. भांडायचं हुतंस माझ्याशी."

चंदनाने सूप बाजूला सारले आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच नणंदेच्या डोळ्यांत सरळ पाहिले.

"आता भांडू, आक्का?"

शालनला वाटले, तिने भांडावे. तिने काहीही म्हणावे. पण चंदना तशीच बसून राहिली, आणि दोघींमध्ये निवडायचे राहिलेले धान्य तसेच पडून होते.