टोकाला थांबलेली पट्टी

माझ्या नोट्सवर माझा फार जीव होता. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कंट्रोल सिस्टिम्स शिकवतो. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे माझ्या नोट्स स्पायरल बांधून मिळतात. पोरं माझं लेक्चर बुडवून त्या विकत आणतात, याचासुद्धा मला अभिमान वाटायचा. आता सांगायला हरकत नाही, त्यातल्या एका पानावर ढळढळीत चूक होती आणि बॅचमागून बॅच ती पाठ करून पास होत होती.

ते पान लंबकाचं. घर्षण असलेला लंबक झुलत झुलत शेवटी तळाशी येऊन थांबतो, हे कुणालाही दिसतं. पण कागदावर सिद्ध करायचं तर त्याचं समीकरण सोडवावं लागतं, आणि त्यातला कोनाचा साइन काही सरळ सुटू देत नाही. म्हणून गणितवाल्यांनी युक्ती काढली: सोडवूच नका. लंबकाची गतीची आणि उंचीची ऊर्जा मिळवून एक राशी करा. तळाशी स्वस्थ असताना ती शून्य, आजूबाजूला सगळीकडे शून्याहून जास्त. वेळ जाईल तशी ती वाढत नाही, एवढंच दाखवा. मग थोड्या ऊर्जेनं निघालेला लंबक तळापासून फार दूर जाईलच कसा? झालं, स्थैर्य सिद्ध: लंबक तळाच्या आसपासच राहणार. न सोडवता उत्तर मिळतं, माझ्यासारख्या आळशी माणसाला आणखी काय हवं!

पण तो तळाशी थांबतोच, हे दाखवताना मी आळस एक पायरी जास्तच केला होता. ही ऊर्जा कोणत्या दरानं बदलते ते काढलं, की उत्तर येतं: उणे घर्षणाचा गुणक गुणिले वेगाचा वर्ग. त्याखाली मी ठोकून दिलं होतं, 'हा दर निगेटिव्ह डेफिनिट आहे, म्हणजे तळ सोडून सगळीकडे ऋण; म्हणून लंबक तळाशी येऊनच थांबतो.'

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती, फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारी. चितेगावच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती, पण अट अशी, की एकही विषय राहता कामा नये. आमच्याकडे तोंडी परीक्षेआधी जर्नलच्या पानापानावर शिक्षकाची सही लागते. सही नाही तर परीक्षेला बसायचं नाही. चाळीस जर्नलांची चळत समोर, पोटात कावळे ओरडताहेत, आणि हिच्या जर्नलात त्या पानावर माझं वाक्यच नाही.

"हे काय लिहिलंयस?" मी विचारलं.

"सर, लंबक टोकाला गेला की वेग शून्य होतो की. मग तिथं हा दर बी शून्यच. सगळीकडं ऋण कसं म्हणायचं?"

"अगं बाई, सगळ्यांनी जे लिहिलंय ते लिही. एक्स्टर्नलसमोर शहाणपणा नको. हे खोड, नोट्सप्रमाणं करून आण, मग सही."

तिनं जर्नल उचललं. दुसऱ्या दिवशी व्हाइटनर लावून, त्यावर माझं वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून आणलं. मी झोकात सही केली.

बाहेरचे परीक्षक आले ते चष्म्याच्या वरून बघणारे. पोहे खाल्ले, चहा नको म्हणाले, तेव्हाच मला धाकधूक वाटायला लागली. पहिल्या सहा पोरांनी 'निगेटिव्ह डेफिनिट सर' असं एका सुरात सांगितलं. त्यांनी फक्त प्रत्येक नावापुढे एक बारीक टिंब काढलं. मग हिचा नंबर लागला.

तिनं फळ्यावर ऊर्जा मांडली, तिचा दर काढला आणि लिहिलं, 'ऋण किंवा शून्य. लंबक स्थिर.' खडू ठेवून दिला.

परीक्षकांनी तिचं जर्नल उघडलं. "इथं लिहिलंय सगळीकडे ऋण. फळ्यावर ऋण किंवा शून्य. खरं काय?"

"फळ्यावरचं, सर."

"मग जर्नलात खोटं का लिहिलंत? कुणाचं बघून उतरवलंत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. अर्धा क्षणच, पण मला तो पुरला. मग खाली मान घालून म्हणाली, "माझीच चूक झाली सर, लिहिताना."

परीक्षकांचं पेन तिच्या नावापुढे आलं. चितेगावची नोकरी त्या पेनाच्या टोकावर होती. मी इंटर्नल, म्हणजे कॉलेजतर्फे परीक्षक, म्हणून शेजारीच बसलेलो. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, मनात आलंच होतं.

"सर, तिची नाही," मी म्हणालो. "तिनं बरोबर लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. ते वाक्य माझ्या नोट्समधलं आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला. "असं! तरीच सहाही जण एकच भजन म्हणत होते. बरं मग, सर, पुढचं तुम्हीच सांगा. दर तर मधूनमधून शून्य होतो. मग लंबक तळाशी थांबतो, हे कशावरून?"

आली का पंचाईत! कधीकाळी शिकलो होतो, पण इतक्या वर्षांत माझ्याच नोट्स वाचून वाचून विसरलो होतो. मी घसा खाकरला, पुन्हा खाकरला. घसा साफ झाला, उत्तर काही येईना.

"मी सांगू का सर?" ती म्हणाली.

फळ्याशेजारी खिळ्याला एक मीटरची लाकडी पट्टी भोकातून लटकवलेली असते. तिनं ती बाजूला ओढून सोडली.

"आता टोकाला बघा. इथं वेग शून्य, म्हणून ऊर्जा कमी व्हायची क्षणभर थांबती. पण पट्टी इथं राहू शकती का? नाय. वजन खाली ओढतंच, म्हणून लगेच निघती. निघाली की पुन्हा ऊर्जा घटायला लागती. वेग कायम शून्य ठेवून राहायचं, तर जागा एकच, तळ."

"आणि पट्टी बरोबर उलटी, वर उभी राहिली तर?"

"तिथं बी राहील की. पण तितकं वर जायला ऊर्जा लागती. आपण कमी ऊर्जेनं सोडली, अन् ऊर्जा काय वाढत नाय. मग तिथवर जाणार कशी?"

परीक्षक हसले. सकाळपासून पहिल्यांदा. "वीसपैकी अठरा," त्यांनी मोठ्यानं सांगितलं आणि लिहिलं. "दोन कापले, दुसऱ्याची चूक स्वतःवर घेतली म्हणून. कारखान्यात असं करू नका, अपघात होतो. आणि सर, आता चहा चालेल."

त्या सहा टिंबांचीही पुढे फुली झाली नाही. परीक्षक म्हणाले, पोरांना काय बोलायचं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी आड असल्यामुळे खाली मान घालून चहा ओतला.

सगळे गेल्यावर मी तिचं जर्नल काढलं आणि ते पान ट्यूबलाइटसमोर उलटं धरलं. व्हाइटनरखालचं तिचं वाक्य मागून उमटलेलं दिसलं, उलट्या अक्षरांत. सावकाश लावून वाचलं: 'यावरून लंबक दूर जात नाही, एवढंच कळतं. तो तळाशी येऊन थांबतो, हे अजून दाखवायचं राहिलं.'

मी पान सरळ केलं, माझं वाक्य एका रेघेनं खोडलं, वर तिचं वाक्य माझ्या हातानं लिहिलं आणि शेजारी पुन्हा सही केली. ही सही जरा वाकडी आली.