पल्लवीची नियमावली

पल्लवीच्या डोक्यात काय काय आहे, हे हिंगोलीत फक्त एकाच माणसाला नीट ठाऊक होतं, आणि ती म्हणजे खुद्द पल्लवी. आता हे डोकं कागदावर उतरवल्याशिवाय तिची सुटका नव्हती.

तसं तिचं आयुष्य सरळ रेषेत चाललेलं. शिरड शहापूरची पोरगी. वडील जळबा दुसऱ्याच्या शेतात राबले, पण लेकीला पॉलिटेक्निकला घालताना मागंपुढं पाहिलं नाही. शिक्षण संपलं आणि मार्केट यार्डाजवळ विष्णुपंतांच्या तीन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कचेरीत तिला काम मिळालं. हळदीच्या गोदामांसाठी प्रोग्राम लिहायचा. कोणत्या शेतकऱ्याची किती पोती, कोणत्या रांगेत, माल लांब हळकुंडाचा की गोल गड्ड्याचा, ओलावा किती, सगळं त्यात. सात वर्षांत जिल्ह्यातल्या बावीस गोदामांत तो प्रोग्राम पोचला. लिहिणारी मात्र एकटी ती.

नवरा भीमराज नांदेडच्या दवाखान्यात लॅबमध्ये. आठ वर्षांची लेक त्याच्याजवळ. पल्लवी दर शनिवारी संध्याकाळी एसटी पकडायची, वारंगा फाट्यावर चहा प्यायची, आणि सोमवारी पहाटे तोच रस्ता उलटा. पोरीचा पहिला दात पडला तो मंगळवारी, आणि ताप नेमका बुधवारीच चढायचा. अशी सहा वर्षं काढल्यावर नांदेडच्या एका कॉलेजात तिला संगणक विभागात नोकरी मिळाली. अट एकच: एक तारखेला, सोमवारी, जुन्या नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र घेऊन हजर व्हायचं. नाही आलात तर यादीतला पुढचा माणूस.

आणि पत्र देणार विष्णुपंत.

विष्णुपंत वाईट माणूस मुळीच नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडून तरी निघता आलं असतं. ते गोड होते. दर थंडीत तिच्या घरी डिंकाचे लाडू पाठवणारे. पत्राचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जा ना, पल्लवीताई. लेकराजवळ जायला मी कशाला अडवू? फक्त तुमच्यावाचून काम चाललं पाहिजे, एवढंच."

त्यांनी नुकतंच कोड लिहून देणारं एक यंत्र घेतलं होतं. त्याला साध्या भाषेत सांगायचं, ते प्रोग्राम लिहून देतं. हाताशी नवीन मुलगी केतकी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, हुशार. उणीव एकच होती. यंत्राला जगातला सगळा कोड ठाऊक, पण या कचेरीची रीत ठाऊक नाही. त्यासाठी प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात नियमांची एक फाईल ठेवायची, जी ते दर वेळी कामाला बसताना आधी वाचतं. ती पल्लवीनं लिहायची. मग तीन दिवस केतकी आणि यंत्र मिळून नवीन काम करतील, पल्लवी त्याच खोलीत बसेल, पण एक अक्षर बोलणार नाही. तीन दिवस निभले की शनिवारी पत्र.

पल्लवी हसली होती. सुटकेची अट इतकी सोपी वाटल्यावर कोण हसणार नाही!

पहिल्या झपाट्यात तिनं चौदा पानं लिहिली. केतकीनं चालवून पाहिलं, तर यंत्र निम्मे नियम पाळी आणि निम्मे विसरून जाई. पाल्हाळ लावलं की माणूस काय नि यंत्र काय, मधलं वाचलं न वाचल्यासारखं करतं. शिवाय "कोड स्वच्छ लिहावा" असली सुभाषितं तिनं ठिकठिकाणी पेरली होती, ज्यांचा अर्थ ज्याला जसा लागेल तसा. तिनं कात्री चालवली. ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडायची असले नियम काढून टाकले, ते काम दुसरं साधन आपोआप करत होतं. उरली दोन पानं.

पडदे, म्हणजे स्क्रीनवर दिसणारी पानं, एका फोल्डरात, हिशेबाची सूत्रं दुसऱ्यात, डेटाबेसशी बोलणारा कोड तिसऱ्यात. पडद्याच्या फाईलीत सूत्र लिहायचं नाही. हळकुंड, गड्डा, रांग ही नावं रोमन लिपीत पण मराठीच ठेवायची, इंग्रजी करायची नाहीत, कारण गोदामवाले फोनवर तेच शब्द बोलतात. यादीतल्या सहा लायब्ररींपलीकडे, म्हणजे आयत्या कोडच्या गठ्ठ्यांपलीकडे, नवी जोडायची नाही. लागलीच तर थांबून विचारायचं, कारण गोदामातले कंप्युटर जुने आहेत. प्रत्येक नियमाला जमेल तिथं कारण, आणि एक छोटा नमुना. वाचून विष्णुपंत म्हणाले, "ताई, ही तर घटनाच लिहिली तुमी."

एक गोष्ट मात्र तिनं लिहिली नाही.

ती गोष्ट पहिल्या वर्षातली. ओलाव्याचा रकाना तिनं चुकून पूर्णांकांचा केला होता, दशांश मावेना. मग तिनं दहानं गुणून आकडा ठेवला: ११.२ च्या जागी ११२. दोन वर्षांनी रकाना दुरुस्त केला, नव्या नोंदी नीट आल्या, पण जुन्या तशाच राहिल्या. त्या बदलायच्या तर विष्णुपंतांना सांगावं लागलं असतं, आणि त्यांनी तर बावीस गोदामांत "आमचा डेटा तपासलेला" म्हणून शब्द दिला होता. म्हणून तिनं एका कोपऱ्यातल्या फाईलीत चार ओळींचं फंक्शन टाकलं: आकडा चाळीसच्या वर असेल तर दहानं भागायचं. ओलावा कुठंही वाचायचा तो याच वाटेनं. हे फक्त तिला ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची. नियमावलीत ते लिहायचं म्हणजे सात वर्षांची लबाडी स्वतःच्या हातानं भिंतीवर चिकटवायची. तीन दिवसांत ओलाव्याचं काम निघणार कशाला, असं तिनं मनाला समजावलं. मन असल्या वेळी पटकन समजतं.

गुरुवारी परीक्षा सुरू झाली. यंत्रानं नवा पडदा केला, फाईल बरोबर जागी, नाव बरोबर. तारखांसाठी नवी लायब्ररी ओढायच्या आधी थांबून विचारलंसुद्धा. पल्लवी खुर्चीत बसून बघत होती. तिला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. सात वर्षं जे आपल्यावाचून होत नव्हतं ते दोन पानांत होतं, हे कुणालाही जरा लागतंच.

शुक्रवारी यंत्र घसरलं. त्यानं सूत्र पडद्यातच लिहिलं. नियम होता, पण शेजारच्या जुन्या फाईलीत तसंच लिहिलेलं होतं, आणि त्यानं शेजाऱ्याचं पाहून केलं. केतकीनं थोडा विचार केला आणि नियमावलीत ओळ वाढवली: जुने पडदे नमुना म्हणून घेऊ नयेत, 'रांग' या पडद्यासारखं लिहावं. यंत्र सुधारलं. तिनं पल्लवीकडं पाहिलंसुद्धा नाही. विष्णुपंतांनी त्याच संध्याकाळी पत्रावर सही केली आणि पेपरवेटखाली ठेवलं. पल्लवीनं भीमराजला फोन करून सांगितलं, "उद्या बॅग घेऊनच येते."

शनिवारी दुपारी गोदामवाल्यांचं काम आलं. ज्या मालाचा ओलावा बाराच्या वर आहे त्याची यादी काढा, आणि त्या शेतकऱ्यांना निरोप पाठवा: माल उचला, परत वाळवा. केतकीनं यंत्राला सांगितलं. दहा मिनिटांत काम झालं. यंत्रानं ओलाव्याचा रकाना सरळ वाचला. त्याला कुणी दुसरी वाट सांगितली नव्हती. यादीत नुसते पोत्यांचे क्रमांक होते, ओलाव्याचे आकडे नव्हते. दोनशे चौदा माल.

"बापरे, लई निघाले," केतकी म्हणाली. "औंदा हवाच ओली होती म्हणा. सर, चारला मेसेज सोडू का?"

"सोड की," विष्णुपंत म्हणाले.

पल्लवीला पडदा दिसत होता. वरचा पहिला क्रमांक खेमा राठोड यांचा. त्यांची हळद तिला पाठ होती, पहिल्या वर्षीची नोंद, ९८ लिहिलेलं, म्हणजे ९.८. चांगल्या भावाच्या आशेनं वर्षानुवर्षं राखून ठेवलेला खडखडीत माल. उद्या हा म्हातारा ट्रॅक्टर भाड्यानं करून गोदामावर येईल, पोती अंगणात पसरेल, आणि का ते कुणालाच कळणार नाही. असे दोनशेच्या आसपास. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पत्र पेपरवेटखाली होतं, एसटी साडेपाचला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसली तर सोमवारी पोरीच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहणार. चूक निघालीच तर महिन्यानं निघेल, आणि दोष यंत्राच्या माथी जाईल. यंत्राला कुठं तोंड आहे! तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. तिला खेमा राठोडांचा राग आला, त्यांच्या वाळलेल्या हळदीचाही आला.

चारला पाच कमी असताना ती म्हणाली, "केतकी, थांब. मेसेज सोडू नको. यादी चुकली."

मग उभं राहून तिनं सगळं सांगितलं. पूर्णांक, दहापट, चाळीस, चार ओळी. तिनं काही वगळलं नाही. केतकीनं त्या वाटेनं यादी परत काढली. नऊ माल निघाले.

पल्लवी शिव्या खायला तयार होती. शिव्या बसल्या असत्या तर पत्रही मिळालं असतं कदाचित. पण विष्णुपंतांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले.

"ताई, चूक कुणाच्या हातनं होत न्हाई? तुमी सांगितलं, दोनशे लोकांची तकलीफ वाचवली. रागावू कशाला?" त्यांनी पेपरवेट उचललं, पत्राची घडी केली आणि ड्रॉवरात ठेवली. "पण आता तुमीच सांगा. असं अजून किती असंल तुमच्या डोक्यात? मग मी तुमाला सोडू कसं? महिनाभर अजून बसा. सगळं लिहा. मग बघू."

"सर, सोमवारी हजर व्हायचंय. ती जागा जाईल माझी."

"दुसरी मिळंल हो. तुमच्यासारख्या खऱ्या माणसाला कोण न्हाई म्हणंल?" ते मनापासून बोलत होते, आणि हीच तर पंचाईत होती.

केतकीनं नियमावली उघडून नवीन ओळ लिहिली: ओलावा नेहमी याच फंक्शनमधून वाचावा, जुन्या नोंदी दहापट आहेत. मग हळूच म्हणाली, "ताई, अजून काय राहिलंय ते सांगा, मी लिहिते." पल्लवी सांगू लागली. एक आठवलं की दुसरं निघे. साडेपाचपर्यंत सतरा ओळी झाल्या, आणि मागं उभे असलेले विष्णुपंत प्रत्येक ओळीला मान हलवत होते, बघा, बघा म्हणून. जितकं ती लिहून मोकळी होत होती तितकी तिची गरज त्यांना पटत होती. एसटी गेली.

सहाला फोन वाजला. लेकीचा.

"आई, बसलीस का गाडीत?"

"न्हाई गं. आता उद्या सकाळी येते. आणि सोमवारी परत इकडं यावं लागंल."

"काहून?"

"कामात चूक झाली व्हती माझी."

"मग सॉरी म्हण ना. बाबा म्हणतात, खरं सांगितलं की सोडून देतात."

"सांगितलं बाळा, खरंच सांगितलं."

"मग?"

पल्लवीनं भरून आणलेली बॅग पायानं टेबलाखाली सरकवली.