नांदायला कधी आलीस?

तलासरी तालुक्यात, झरीच्याही आत, डोंगराच्या बाजूला आमचं आरोग्य उपकेंद्र होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे शेवग्याचं झाड. मी तिथली सिस्टर. घर डहाणूला, आगरच्या बाजूला, चिकूच्या वाडीत. सोमवारी सकाळी चारोटीला उतरून पुढे जी मिळेल ती जीप धरायची आणि शनिवारी परत यायचं. माझी आई म्हणायची, वाडीत चिकू कुजतायत आणि ही डोंगरात जाऊन लोकांची वजनं करते. तिला काय सांगणार! त्या ओट्यावर बसून मी जे दिवस काढले, तसे पुन्हा वाट्याला आले नाहीत.

त्या नोकरीतली अर्धी गंमत अशी की कागदावर माझ्या हातात काहीच नव्हतं. गोळ्या वरून यायच्या, नियमही वरूनच यायचे. पण बुधवारच्या लसीकरणाला कुणी उन्हातून चालत दुपारी उशिरा आली, तर पेटी बंद झाली म्हणून परत पाठवायची की कुपी उघडायची, हे मीच ठरवायचे. एका मुलासाठी कुपी उघडली तर उरलेले डोस वाया जातात आणि वर उत्तर द्यावं लागतं. नाही उघडली तर ती बाई पुढच्या खेपेला येईलच असं नाही. मी उघडायचे, आणि मग महिन्याच्या मीटिंगमध्ये बोलणी खायचे. माझ्या आधीच्या सिस्टर उघडत नसत. त्यांचंही नियमाला धरूनच होतं. एकाच ओट्यावर, एकाच नियमात, एका बाईच्या बाळाला लस मिळायची आणि दुसरीच्या बाळाला नाही. फरक एवढाच की खुर्चीत कोण बसलंय.

तिथे रुजू झाले तेव्हा आमच्या आशाताईने मला पहिली शिकवण दिली. गरोदर बाईची नोंद करताना मी विचारलं, "लग्न झालं का गं?" पोट पुढे आलेली ती पोर शांतपणे म्हणाली, "नाय." मी पेन उचलून थांबले. आशाताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सिस्टर, असा नका विचारू. नांदायला कधी आलीस, असा विचारा."

आमच्याकडच्या पाड्यांवर तेव्हा हे सर्रास होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत करतात, घरचे कबूल होतात, मुलगी घरात येते आणि संसार सुरू होतो. लग्न म्हणजे मांडव, गावजेवण, ताडी, भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणं, रात्रभर नाच. त्याला ऐपत लागते. म्हणून लग्न राहतं. वर्षभर, चार वर्षं, कधी मुलं मोठी होईपर्यंत. त्यात कुणाला लाज नाही, लपवाछपवी नाही. लग्न झालं का विचारलं तर ती खरं तेच सांगते. माझ्या मराठीत त्या 'नाही'चा अर्थ निराळा होतो, हा दोष तिचा कसा?

तेव्हापासून मी तो प्रश्न सोडला तो सोडलाच.

आता भाऊसाहेबांविषयी. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात. जुने भाऊसाहेब याच पट्ट्यातले, मराठी-गुजराती दोन्ही बोलणारे, पाड्यांवर ऊठबस असलेले. जन्माची नोंद करताना ते अर्ध्या गोष्टी न विचारताच लिहायचे. ते निवृत्त झाले आणि घाटावरून एक तरुण भाऊसाहेब आले. प्रामाणिक इतके की पंचायतीचा चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पाजायचे. मला ते आवडायचे, आणि दर आठवड्याला एकदा तरी माझं त्यांच्याशी वाजायचं.

त्या वर्षी सगळ्या ग्रामसेवकांच्या मागे संडास लागले होते. घरोघर संडास बांधून घ्यायचे आणि लाभार्थी कुटुंबाला संडासापुढे उभं करून मोबाईलवर फोटो चढवायचा. रेंज नाही, म्हणून फोटो पाड्यावर काढायचा आणि चढवायला टेकडीवर जायचं. बिचारे घामाघूम व्हायचे. मी एकदा तपासणीला पाड्यावर गेले, तर भाऊसाहेबांचं फोटोचं काम चाललेलं. नव्या कोऱ्या संडासाच्या दारात एक जोडपं उभं होतं. तो वीटभट्टीवर जाणारा, कायम हसरा. ती माझ्याकडे नोंदवलेली, पहिलटकरीण, सातवा महिना. दोघं दोन टोकांना लाजून उभी होती. भाऊसाहेब ओरडले, "अहो, नवरा-बायको आहात ना? जरा जवळ उभे राहा की! कुटुंब दिसलं पाहिजे फोटोत." अख्खा पाडा हसला. ती इतकी लाजली की तोंडावर पदर घेतला, आणि फोटो परत काढावा लागला.

दोन महिन्यांनी ती माझ्याच टेबलावर बाळंत झाली. भर सकाळी, फार त्रास न देता. मुलगी. बाळाचा बाप ओट्यावर बसून होता. मी बाळ त्याच्या हातात दिलं तर त्याला धरता येईना. म्हणाला, "सिस्टर, माना भीती वाटते." मी म्हटलं, "आता कसली भीती? बाप झालास."

बाळंतपण झालं की मी चिठ्ठी द्यायची आणि आईबापांनी ती पंचायतीत नेऊन जन्माची नोंद करायची. नोंद वेळेत झाली तर सहज होते. लांबली की दंड, त्याहून लांबली की तहसीलच्या फेऱ्या. म्हणून मी बजावून पाठवलं. तिसऱ्या दिवशी दोघं बाळाला घेऊन गेली आणि दुपारी तशीच परत आली. ती रडत होती. त्याचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं.

"भाऊसाहेब बोलतात, बापाचा नाव नाय लिहिणार," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. एप्रन अंगावर तसाच ठेवून पंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी शांतपणे अर्ज पुढे केला. जन्माच्या अर्जात खाली आकडेवारीसाठी एक रकाना असतो: लग्नाच्या वेळी आईचं वय. तो त्यांनी विचारला होता. ती म्हणाली होती, "लगीन नाय झाला." तिथे भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सिस्टर, आई अविवाहित असेल तर बापाचा रकाना रिकामा ठेवावा लागतो. मी माझ्या मनाने कुणालाही बाप कसा करू? उद्या कुणी हरकत घेतली तर सही माझी आहे."

"अहो, बाप बाहेर उभा आहे! कुणालाही म्हणजे कुणाला?"

"लग्नाचा पुरावा आणू दे त्याला. मी लगेच लिहितो."

"पुरावा कुठून आणेल? लग्न व्हायचंय अजून!"

"मग झालं तर," ते म्हणाले.

त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. पैसे मागत असते तर भांडता आलं असतं. बापाचं नाव नाही म्हणजे काय, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आमच्या व्यवस्थेत जातीचा दाखला बापाच्या बाजूने निघतो. बापाचं नाव नाही तर पुढे दाखला अडणार. दाखला अडला की आश्रमशाळा, वसतिगृह, नोकरी, सगळं रांगेने अडणार. आणि पोरीच्या नावाच्या मध्ये कायमची एक रिकामी जागा, बाप घरात असताना. सगळं त्या एका रकान्यापायी, ज्याचा बापाच्या नावाशी काडीचा संबंध नाही.

मी म्हटलं, "तिला नांदायला कधी आली ते विचारा."

"नांदायचा रकाना नाही अर्जात."

"माझ्याही अर्जात नाही. मी तरी विचारते."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मीही दमले होते. भिंतीवर गाव पाणंदमुक्त झाल्याचा नवा फलक लटकत होता. तो बघता बघता मला एकदम आठवलं आणि हसू फुटलं. भाऊसाहेब गोंधळले.

"भाऊसाहेब, मोबाईल काढा तुमचा. संडासाचे फोटो दाखवा."

"त्याचं काय आता?"

"या दोघांना जवळ कुणी उभं केलं होतं? नवरा-बायको आहात ना, असं कोण म्हणालं होतं? शासनाला कुटुंब म्हणून फोटो कुणी पाठवला? संडासापुरते नवरा-बायको, आणि पोरीच्या नावाला कोणीच नाही?"

बाहेर पायरीवर बसलेला शिपाई फिस्सकन हसला. भाऊसाहेबांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार आणि सगळं बिघडवून बसणार. त्यांनी मोबाईल काढला नाही. अर्ज पुन्हा पुढे ओढला आणि त्या दोघांना आत बोलावलं.

"बाप तूच?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"ही तुझ्या घरात नांदते?"

"हा."

मग तिच्याकडे वळून, जरा अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्या अर्थाने तोंडात आल्यासारखे ते म्हणाले, "नांदायला आलीस तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"एकोणीस," ती म्हणाली.

लग्नाच्या वेळी आईचं वय, या रकान्यात त्यांनी एकोणीस लिहिलं. मग वरच्या रिकाम्या रकान्यात बापाचं नाव लिहिलं, ठसठशीत अक्षरात. सही केली. मला म्हणाले, "सिस्टर, अडचण आली तर तुम्ही यायचं माझ्या बाजूने." मी म्हटलं, "येईन की, संडासाचा फोटो घेऊन." तेव्हा कुठे ते हसले.

मला तेव्हा जिंकल्याचा आनंद झाला. पण त्या आठवड्यात जीपमध्ये बसल्यावर मनात आलं, मी रजेवर असते तर? त्या दिवशी भाऊसाहेबांचं डोकं दुखत असतं तर? संडास बांधायला ते दुसऱ्याच गावी असते तर? एका पोरीचं नाव एवढ्याशा गोष्टींवर टांगलेलं होतं, आणि तालुक्यात अशा खुर्च्या किती! मला त्याची भीती वाटली. आजही वाटते.

माझी बदली डहाणूला झाली ती दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला. त्याच उन्हाळ्यात आशाताईचा फोन आला. त्या दोघांचं लग्न होतं, एकदाचं. भात बरं पिकलं होतं आणि भट्टीचेही चार पैसे साठले होते. मी गेले. दारात मांडव, भिंतीवर पांढरा चौक, आत बायकांची गाणी. नवरा-नवरी हळदीने पिवळी झाली होती. भाऊसाहेबांचीही तोवर बदली झाली होती, तरी लांबून मोटरसायकलवर आले होते, इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम. मला बघून नवरी मोठ्याने म्हणाली, "सिस्टर, आता इचारा, लगीन झाला का!" आणि बायका खदखदून हसल्या.

तिची मुलगी मांडवात फिरत होती, आईबापाच्या लग्नात नवा फ्रॉक घालून. भाऊसाहेबांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "नाव काय गं तुझं?"

अंगणवाडीत शिकवतात तशी ती दोन्ही हात मागे बांधून ताठ उभी राहिली. स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं नाव तिने सगळ्यात मोठ्याने सांगितलं, कारण बाप समोरच बसला होता आणि तिला त्याच्याकडे बघायचं होतं.

भाऊसाहेब खिशातून रुमाल काढून घाम पुसत राहिले, घाम नव्हता तिथलाही.