कोट उतरवल्यावरही वकीलच

सोलापुरात मी वकील आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या कोर्टात?" मी सांगते, कोर्टात नाही, टॉवेलच्या कारखान्यात. मग समोरच्याचा चेहरा पडतो. कोर्टात जमलं नसेल बिचारीला, असं काहीतरी त्याच्या डोक्यात येतं आणि तो विषय बदलून उन्हाळ्यावर जातो.

माझं काम न दिसणारं आहे. परदेशी खरेदीदाराचा करार आला की तो शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. माल उशिरा पोचला तर भुर्दंड कोणाचा, आणि भांडण झालंच तर ते सोलापुरात सुटणार की दुसऱ्या देशात, ते पाहायचं. रंगाई विभागाची प्रदूषण मंडळाची संमती कधी संपते, कंत्राटी कामगारांचा परवाना कधी, बॉयलरची तपासणी कधी, हे सगळं माझ्या टेबलासमोरच्या फळ्यावर असतं. संपलेली कामं मी पुसते, आणि पुसलेल्या कामांची कोणी आठवण काढत नाही. वेळेत झालेल्या कामाची बातमी होत नसते.

दोन वर्षं मागून शेवटी मला एक मदतनीस मिळाली. मुलगी जेऊरची. सोलापुरातच कायदा शिकलेली, सनद घेऊन वर्षभर करमाळ्याच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढलेलं. मुलाखतीत मी तिला सुरक्षारक्षकांच्या कंत्राटदाराचा जुना करार दिला आणि म्हटलं, हा त्याला स्वतःला कळेल असा लिही. तिनं अकरा पानांचा करार मराठीत चार पानांत आणला आणि एकही जबाबदारी निसटू दिली नाही. मी तिथंच ठरवलं.

पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, "पूर्णवेळ पगाराची नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. राज्याच्या बार कौन्सिलला आजच कळव, व्यवसाय स्थगित करण्याचा अर्ज दे. नोकरी सोडलीस तर सनद पुन्हा सुरू करून मागता येते. घाबरायचं कारण नाही."

"हो मॅडम," म्हणाली. पुढच्या आठवड्यात विचारलं, तेव्हाही "हो मॅडम." त्यानंतर मी विचारलं नाही, कारण वीस कामं रोज विचारावी लागतात आणि सज्ञान माणसाला एकविसावं विचारू नये असं मला वाटतं.

दिवाळीनंतर करमाळ्याहून एका वकिलांचा फोन आला. आवाजात साखर होती.

"मॅडम, तुमच्या ऑफिसातल्या ताई आमच्या कोर्टात फार छान बोलतात हो. परवाच त्यांनी आमच्या पक्षकाराविरुद्ध मनाई मागितली. तुमच्या कंपनीच्या सुरक्षा सप्ताहाच्या फोटोतही त्याच आहेत ना? गळ्यात ओळखपत्र घालून?"

मी फोन ठेवला आणि तिला आत बोलावलं. तिनं काही लपवलं नाही. काकांचा रस्त्याचा दावा होता. शेतात जायची वाट भावकीनं नांगरून टाकलेली. वडील म्हणाले, घरात वकील असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं? तिनं स्वतःच्या नावानं वकीलपत्र दाखल केलं, रजा काढली आणि उभी राहिली.

"रजा होती मॅडम. कंपनीचा एक तासही वापरला नाही."

"प्रश्न तासांचा नाही. आपण पगारदार आहोत तोवर आपण उभं राहायचं नाही. कौन्सिलचा अर्ज कुठाय?"

"भरलाय. पाठवला नाही. पाठवला असता तर बाबांना काय सांगणार होते?"

समोरच्या वकिलांनी तक्रार केली तर तिची सनद जाणार होती, किंवा निदान बरीच वर्षं अडकणार होती. एवढं कळायला मोठा कायदा लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिचे वडील कारखान्यात आले तेव्हा लक्षात आलं, हे मी सोडून कोणालाच गंभीर वाटत नाही.

ते दूध संकलन केंद्र चालवतात. खुर्चीच्या टोकावर बसले.

"मॅडम, पोरीनं चोरी केली व्हय? घरचीच केस हाय की."

"घरचीच असली तरी वकीलपत्र तिच्या नावाचं आहे, दादा."

"आवो, ती वकील हाय म्हणून तर लावलं! नायतर हितं कंपनीत बसून ती करती तरी काय? टायपिंगच न्हवं?"

मुलगी खिडकीकडे बघत होती. त्या टायपिंगनं सुरक्षारक्षकांच्या कंत्राटदाराशी चाललेला जुना वाद मिटला होता, पण ते मी कुणाला सांगणार?

तेवढ्यात आमचे मालक आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सगळं ऐकून ते खूशच झाले.

"म्हणजे ही कोर्टात पण उभी राहती? मग आपल्या चेक परतीच्या केसला बाहेरचा वकील कशाला? मॅडम, तुम्ही आधी बोलला नाही हे!"

"अण्णा, तोच तर गुन्हा आहे."

"लई ताणू नका. नेमणूकपत्र नवीन काढा, पुढच्या महिन्याची तारीख टाका. म्हणजे त्या दिवशी ती आपल्याकडे नव्हतीच. मिटलं की."

"व्हय, तसंच करा की," वडील लगेच म्हणाले. दोघं पाच मिनिटांपूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हते, आणि आता दोघांचं एकमत.

कारखान्यात हे नेहमी चालतं. कागद चुकला की नवा कागद. मी शांतपणे सांगायचा प्रयत्न केला: तिच्या नावानं भविष्यनिर्वाह निधी भरला गेलाय, पगार बँकेत गेलाय, खोटी तारीख पहिल्याच चौकशीत उघडी पडेल, आणि पडली नाही तरी मी त्यावर सही करणार नाही. अण्णा म्हणाले, "तुम्हाला मार्ग काढायला ठेवलंय, मॅडम, अडवायला नाही." त्यांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग यायला हवा तेवढाही येत नाही. थकवा येतो.

"नको," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "तारीख खरीच राहू दे. अण्णा, नवीन पत्र काढलंत तर मी राजीनामा देईन. बाबा, काकांना दुसरा वकील बघून देते, चांगला बघून देते."

"आनि लोकास्नी काय सांगू? पोरगी वकिली सोडून आली?"

"सोडली नाही. कोर्टात उभी राहायची थांबलीय."

"एकच की ते!"

चहा आला होता. वडिलांनी घेतला नाही.

पुढच्या तारखेला ती करमाळ्याला गेली, काकांच्या लेखी संमतीनं वकीलपत्र मागे घ्यायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. बार कौन्सिलला तिनं खऱ्या तारखेसह अर्ज पाठवला, त्यात मधल्या हजेरीचाही उल्लेख केला. मसुदा मला दाखवला. मी पेन उघडून बसले आणि काहीच बदललं नाही. समोरच्या वकिलांनी तक्रार केली की नाही, अजून कळलेलं नाही. कौन्सिलचं उत्तरही आलेलं नाही. फळ्यावर त्याला एक ओळ आहे आणि ती मला रोज खुपते.

सोमवारी ती जेऊरहून थेट कामावर आली. मी विचारलं, वडील बोलले का?

"एकच बोलले. दारावरची अॅडव्होकेटची पाटी तूच लावायला लावलीस, आता तूच काढ, म्हणाले. काढली. चुलत भाऊ स्टूल धरून उभा होता, म्हणाला, ताई, आता तू कोण?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगायला सुरुवात केली. परवाने, करार, मुदती... तो मधेच उठून गेला." ती खुर्चीत बसली. "मॅडम, रंगाईच्या संमतीचा अर्ज कुठवर आलाय?"

मी फाइल तिच्याकडे सरकवली.