बायडाबाईंची मखमल

पुण्याजवळच्या मांजरी गावात बायडाबाईंचं वीस गुंठ्यांचं रान आहे. तिन्ही बाजूंनी बारा-बारा मजली इमारती उठल्यात, चौथ्या बाजूला शेजारच्या मच्छिंद्रचा ऊस. वरच्या गॅलऱ्यांतून लोक खाली बघतात आणि म्हणतात, काय छान हिरवळ ठेवली आहे. ती हिरवळ नाही, लसूणघास आहे, हे त्यांना कोणी सांगायला जात नाही. बायडाबाई तर नाहीच. त्यांना बोलायला वेळ नसतो आणि हौसही नसते.

हा घास म्हशींसाठी विकून पोट भरतंच, पण बाईंचं नाव आहे ते बियाण्यासाठी. दरवर्षी फाल्गुनात त्या कापणी थांबवतात, घासाला जांभळी फुलं येऊ देतात आणि शेंगा वाळल्या की बी झोडतात. हे बी सासूनं दिलेलं. सासू गेली, तिच्या मागोमाग नवरा गेला, बी मात्र चालू राहिलं. हवेली तालुक्यातले पंधरावीस शेतकरी दिवाळीआधी त्यांच्या दारात उभे असतात, कारण बाजारच्या बियाण्यात घासाचा रस पिऊन जगणारी अमरवेल येते आणि बायडाबाईंच्या बियाण्यात ती येत नाही.

त्यामागे एक पद्धत आहे. जुन्या बाजारातून आणलेला मखमलीचा एक पडदा त्यांनी फळीवर ताणून बसवलाय. फळी तिरकी धरायची आणि वरून मूठमूठ बी सोडायचं. घासाचं बी गुळगुळीत, ते घरंगळत खाली येतं. अमरवेलीचं बी बारीक आणि खरखरीत, ते मखमलीला चिकटून बसतं. ते झाडून चुलीत टाकायचं. गेली कित्येक वर्षं चुलीत टाकायला एक दाणाही मिळालेला नाही, तरी बाई मूठमूठ बी सोडतातच. नात कल्याणी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात शिकते. ती म्हणाली होती की आजी, तुझ्या फळीसारखी यंत्रं मोठ्या बियाणे कंपन्यांत असतात. बाईंनी फक्त मान हलवली होती, पण तो दिवस त्यांचा फार बरा गेला.

म्हणून या फाल्गुनात रानाच्या मधोमध पिवळ्या शेवया सांडल्यासारखं काही दिसलं, तेव्हा बाईंना आधी खरंच वाटेना. त्या वाकल्या. घासाच्या काडीला पिवळा दोरा वेढे देऊन बसला होता. पान नाही, मूळ नाही.

मच्छिंद्र बांधावरच होता. वहिनींना मदत करावी म्हणून त्यानं हातानं वेल ओढली आणि कुंपणापलीकडे टाकतो म्हणाला. वाटेत तिचे तुकडे सांडले. आठ दिवसांत त्याच्या वाटेवर तीन नवे पिवळे ठिपके उगवले. मुळं नसलेल्या वेलीला मुळांची गरजच नसते, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

रविवारी कल्याणी आली. तिनं वेढ्यासकट एक काडी कापून आणली, ब्लेडनं आडवी चिरली आणि भिंग आजीच्या डोळ्याला लावलं. वेलीच्या आतल्या अंगाला बारीक फोडांची रांग होती. प्रत्येक फोडातून एक खुंटी निघून काडीत घुसली होती, थेट आतल्या नळ्यांपर्यंत. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली नेणाऱ्या वेगळ्या. वेलीनं दोन्हींना तोंड लावलं होतं.

"बी उगवलं की चारआठ दिवस तिला जमिनीचा आधार लागतो," कल्याणी म्हणाली. "घासाची काडी सापडली की खालचा दोरा वाळून जातो. मग सगळं घासाच्या जिवावर."

बायडाबाईंनी भिंग खाली ठेवलं. त्यांना राग आला होता, आणि तो वेलीचा नव्हता. बी तर मखमलीवरून गेलं होतं. मग ही आली कुठून?

उत्तर मच्छिंद्रच्या गोठ्यात सापडलं. बाईंचा थोडा घास त्याच्या म्हशींना जातो आणि बदल्यात गोठ्यातलं सगळं शेण बाईंच्या रानात येतं. सात वर्षांचा रिवाज. गेल्या उन्हाळ्यात चारा कमी पडला, तेव्हा मच्छिंद्रनं बाहेरून एक टेम्पो घास आणला होता. त्यात पिवळे दोरे होते, हे त्याला आता आठवलं. म्हशींनी ते खाल्लं. अमरवेलीच्या बियांना जाड कवच असतं, म्हशीच्या पोटातूनही त्या शाबूत बाहेर पडतात. शेण नीट कुजलं असतं तर उष्णतेनं बऱ्याचशा मेल्या असत्या. पण बाईंनी घाईनं अर्धकच्चं शेणखत ओढलं होतं. आयुष्यभर त्यांनी बी पारखलं, शेण कधी पारखलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात अकरा ठिकाणी वेल दिसली. दोन ठिकाणी पांढऱ्या फुलांचे गुच्छ होते आणि एका गुच्छात बोंडं धरली होती. मच्छिंद्र ओशाळून म्हणाला, "वैनी, ठिपके तेवढे जाळा. ऱ्हायलेलं बी मखमलीवरून काढा की. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय," बायडाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. घास जाळायचा म्हणजे या वर्षीचं बी गेलं. गेल्या साली काढलेलं पाच किलो तेवढं डब्यात उरलं होतं, सासूपासून चालत आलेल्या बियाण्यातलं शेवटचं. ते पेरायला स्वच्छ रान हवं आणि त्यांचं रान तर आता बाटलं होतं. अमरवेलीचं बी जमिनीत दहाएक वर्षं दम धरून राहतं. बाई बासष्टच्या.

तरी सकाळी त्यांनी विळा घेतला. वीस गुंठे कापले. वेलीची काडीही रानाबाहेर जाऊ दिली नाही. जागच्या जागी वाळवली, वर मच्छिंद्रच्या उसाचं पाचट पसरलं आणि पेटवलं. गॅलरीतून कोणीतरी धुराची तक्रार केली. बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. मग त्या एसटीनं आणि पायी त्या सगळ्या शेतकऱ्यांकडे गेल्या आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं की यंदा बी नाही, माझ्या रानात अमरवेल आली. हे सांगणं जाळण्यापेक्षा जड होतं. दोघांनी तिथंच दुसरीकडचं बी घ्यायचं ठरवलं. बाईंनी त्यांना बी कसं पारखायचं ते दाखवलं आणि घरी आल्या.

त्यांच्या रानात आता पुढची वर्षं गहू आणि मका. ही दोन्ही गवताच्या जातीची, आणि त्या जातीवर अमरवेल जगत नाही. पावसाळ्यात उगवून आलेले पिवळे दोरे आधाराविना तसेच वाळून गेले. बाई रोज जाऊन बघत होत्या आणि त्यात त्यांना उघड आनंद होत होता.

भाद्रपदात मच्छिंद्रनं त्यांना आपल्या उसात नेलं. एका कोपऱ्यातला ऊस खुरटला होता आणि बुंध्याशी टारफुल्याची नाजूक फुलं डोलत होती. टारफुला उसाच्या मुळांना जमिनीखालीच चिकटतो. फूल वर दिसेपर्यंत त्यानं उसाचा रस प्यायलेला असतो. तीन वर्षं मच्छिंद्र तो फुलं येण्याआधी उपटत होता, तरी येतच होता.

"हितं आता ऊस लावत न्हाई," तो म्हणाला. "पाच गुंठं हायेत. वैनी, तुमचं बी हितं टाका."

बाईंनी कल्याणीला फोन लावला. टारफुल्याला ऊस, ज्वारी असली पिकं लागतात, घास त्याच्या कामाचा नाही, ती म्हणाली; पण त्या कोपऱ्यात गोठ्यातलं शेण पडलंय का ते विचार. पडलं नव्हतं. सात वर्षं सगळं शेण बाईंनाच जात होतं, उसाला नुसती गोणीतली खतं.

मच्छिंद्रनं कोपऱ्यातला ऊस काढला आणि रान नांगरलं. कार्तिकात बायडाबाईंनी डबा उघडला. पाचही किलो पुन्हा मखमलीवरून सोडलं, मूठमूठ. एक दाणाही चिकटला नाही. मग त्यांनी मच्छिंद्रच्या रानात वाफे ओढले आणि बी टाकलं. आठव्या दिवशी ओळीनं हिरवे कोंब वर आले. बाई बांधावर बसून राहिल्या आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मच्छिंद्र घमेलं घेऊन आला. त्याला फार बरं वाटलं होतं. पिकाला काही घालू का, त्यानं विचारलं.

"पाणी घाल," बायडाबाई म्हणाल्या. "शेण तुझं तुझ्याकडेच ठेव."