पाण्यातून बाहेर ये, एवढंच म्हणायचं होतं

जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर आम्ही दोघे दर रविवारी पोहायला जायचो. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र. मला पोहायला त्यानंच शिकवलं होतं. काठावर एक म्हातारे भोई मामा जाळं टाकत. आमचे कपडे त्यांच्या होडीजवळ असायचे.

त्या मे महिन्याच्या दुपारी डोक्यावर लख्ख ऊन होतं. पश्चिमेला तेवढं काळं भरून आलेलं. पायात गोळा आला म्हणून मी बाहेर निघालो आणि लांब कुठंतरी गुरगुरलं. मामांनी जाळं पाण्यात तसंच सोडून होडी वर ओढली.

"सर, त्यांना बलवा! आवाज आला म्हंजी वीज इथवर पोचती. पाऊस लागत नाय तिला. सपाट पाण्यात माणसाचं डोकंच उंच असतंय."

मित्रानं मान वर काढून विचारलं, "निघू का रे?"

मी टॉवेलनं केस पुसत होतो. म्हणालो, "पाऊस लांब आहे. फेरी पुरी कर."

तो परत फिरून काठाजवळ आला तेव्हा वीज पडली. त्याच्यावर नाही, पलीकडे पाण्यात. पण पाण्याच्या वरच्या थरातून ती पसरत आली असावी. उचललेला हात तसाच खाली पडला आणि तो पालथा तरंगू लागला.

मी पाण्याकडे धावलो. मामांनी दंड धरला. "उतरू नका. दोघंबी जाताल." वाऱ्यानं तो काठाकडं सरकत होता. मामांनी लांब बांबूची आकडी त्याच्या चड्डीत अडकवून त्याला ओढलं. हात लावायला मी कचरलो.

"धरा की! अंगात करंट राहत नाय."

आम्ही त्याला जवळच्या पंपघराच्या पक्क्या खोलीत ओढत नेलं. श्वास नव्हता. शाळेत आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकलो होतो तशी मी छाती दाबत राहिलो, तोंडानं हवा भरत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग तो खोकला.

तो वाचला. एका कानानं ऐकू येत नाही, आणि ती दुपार त्याला अजिबात आठवत नाही.

त्याला हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर मी मामांना भेटायला गेलो. त्यांनी मला दोष दिला नाही. "शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मी पाण्याला शिवत नाय," एवढंच म्हणाले आणि जाळ्यातला गुंता सोडवत बसले.

मित्र अजून अधूनमधून विचारतो, "मी लगेच बाहेर का आलो नाही रे? मला तर कळायला पाहिजे होतं."

मी दरवेळी म्हणतो, "तुला ऐकू गेलं नसेल."

तो मान हलवतो आणि स्वतःलाच दोष देतो. काल तर त्याच्या बायकोसमोर म्हणाला, "माझाच हट्टी स्वभाव." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चहाचा कप उचलला.