मनुआत्याने माझी हळद गप्प बसवली

आमची मनुआत्या परवा गेली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मोबाईलवर जसं बोलतो तसंच टाकतोय. चुकलं तर समजून घ्या.

शीळफाट्याजवळच्या आमच्या गावात तिचा गोठा होता. पोरबाळ नाय, म्हशीच सगळं. राघोमामा, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, "मला ताप आला तर गोली देते, म्हशीला आला तर रडते."

सन एक्क्याण्णव, माझ्या हळदीचा दिवस. आमचं नि आत्याचं घर भिंतीला भिंत लागून, म्हणून मांडव घातला तो गोठ्यापर्यंत गेला. आणि गोठ्यात मैना म्हैस, पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणार होती. हिच्या आईचं पारडू आदल्या वर्षी गेलेलं. तेव्हा ती विताना बघायला अख्खी आळी आत घुसली, म्हैस बिथरली, पारडू ओल्या फरशीवर पडलं आणि तिचाच पाय त्याच्यावर पडला. आत्या चार दिवस जेवली नव्हती. यावेळी असं होऊ द्यायचं नाय हे तिने ठरवलेलं.

मामाने कॅलेंडरवर खुणा केलेल्या. "दहा महिने दहा दिवस. अजून आठवडा हाय. तू हळद लाव."

आत्या म्हणाली, "कॅलेंडर काय म्हशीने छापलंय? शेपटीकडं बघा."

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूला खड्डे पडलेले, बोट दाबलं तर मऊ. कास टम्म, सड ताठ. मागून काचेसारखा चिकट धागा लोंबत होता. सकाळपासून चाऱ्याला तोंड नाय, बसते, उठते, परत बसते. आत्या म्हणाली, "संध्याकाळच्या आत होईल."

मग तिने फरशी फिनेलने धुवून कोरडी केली, कोपऱ्यात चुना मारला, कोरडा पेंढा हातभर जाड पसरला. दुसऱ्या दोन म्हशी बाहेर चिंचेखाली बांधल्या. मैनाचं दावं सोडलं, मोकळी फिरू दिली. आणि मांडवात येऊन मी बसायच्या जागेमागची नवी कनात ओढून नेली, गोठ्याच्या दाराला लावायला.

माझी आई ओरडली, "नणंदबाय, नवरा उघड्यावर बसवू का?"

"त्याला कोन बघतंय? तो काय विणार हाय का?"

बायका हसून लोळल्या. मी मुंडावळ्या बांधून तसाच बसलो.

दुपारी स्पीकरवाला विश्राम आला. त्याने "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" केलं आणि वर लगेच गाणं लावलं. आत मैनाची पाण्याची पिशवी दिसायला लागली होती, कळा देत होती. आवाज झाला तशी ती दचकून उभी राहिली, शेपूट खाली टाकली आणि कळा थांबल्या. आत्या बाहेर आली. तोंड पांढरं. तिने सरळ विश्रामची वायर उपटली.

विश्राम म्हणाला, "मावशे, हळद हाय की सुतक?"

"तुझ्या बायकोच्या टायमाला दवाखान्यात बँजो लावीन हां."

मग माझी हळद झाली ती अशी. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, कानात सांगितल्यासारखी धवले म्हणते, बायका तोंडावर पदर धरून हसतात, पोरांना चुपचाप चकल्या. कल्याणहून आलेला एक पाहुणा मला हळूच म्हणाला, "वधूपक्षाला कळलं का, नवरा मुका आहे ते?"

मला हसू येत होतं पण जीव आतच लागलेला. पाऊण तास गेला. डॉक्टरला आणायला कल्याणला माणूस पाठवायचा का म्हणून मामा दारात घुटमळत होता. आत्या कनातीच्या फटीतून बोलली, "थांबा. हात लावू नका, ओढू नका. परत बसलीय."

दोन पाय दिसले, वर नाक. सगळं सरळ. पंधरा मिनिटांनी आत्याचा आवाज आला, "पारडी!"

मांडवात कोणी टाळी पण वाजवली नाय. सवयच लागलेली.

तिने नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळेला आयोडीन लावलं, आणि मैनाला चाटू दिलं. पारडी लटपटत पेंढ्यावर उभी राहिली, पडली, परत उभी राहिली आणि सड तोंडात धरला. तरी आत्या हलेना. म्हणे वार, म्हणजे विल्यावर मागून पडते ती, पडेपर्यंत नाय. पाच वाजता वार पडली, ती म्हशीने खाऊ नये म्हणून लांब नेऊन पुरली, मग आंघोळ.

ती मांडवात आली तोवर हळद संपलेली. वाटीत तळाला सुकलेली होती, ती पाणी घालून भिजवली. माझ्या गालाला लावताना म्हणाली, "पोरा, तुझ्या हळदीला आत्या नव्हती असं कोनाला बोलू नको."

मी आजपर्यंत बोललो नव्हतो.